हीटर, बंद खिडकी आणि रेक्टरची नोटीस

डिसेंबर लागला की असोद्यात भरिताच्या वांग्यांचा हंगाम भरात येतो. मळ्यात तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, त्यावर हिरवी वांगी भाजून काढायची, आणि जेवणं झाल्यावर निखाऱ्यांभोवती गोल करून शेकत बसायचं, हे इथल्या हिवाळ्याचं ठरलेलं चित्र. त्याच दिवसांत, इथून हाकेच्या अंतरावर असलेल्या जळगावातल्या वसतिगृहांच्या फळ्यांवर एक कागद लागतो. ‘विद्यार्थ्यांनी खोलीत हीटर वापरू नये. आढळल्यास जप्त करण्यात येईल व दंड आकारण्यात येईल.’ खाली रेक्टरची सही आणि शिक्का. सरकारी वसतिगृहात सही गृहपालांची असते, मजकूर तोच.

अशा नोटिसा मी गेली बरीच वर्षं वाचत आलो आहे, आणि काही काळ एका वसतिगृहाच्या देखभालीचं काम पाहताना एक-दोन स्वतः लिहिल्याही आहेत. त्या लिहिण्यामागची काळजी खरी असते. पण या नोटिशीने हीटर बंद होत नाही, तो कॉटखाली जातो. जप्तीच्या भीतीने दार लावलं जातं, खिडकी लावली जाते, पडदा ओढला जातो, आणि भिंतीवरच्या बोर्डापासून कॉटखालपर्यंत एक बारीक वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड सरकवला जातो. म्हणजे उघड्यावर कमी धोक्याची असलेली वस्तू आपण सर्वांत धोक्याच्या जागी नेऊन ठेवतो. ही नोटीस खोलीतल्या वायरीच्या, खटक्याच्या आणि झरोक्याच्या हिशेबाने कशी लिहायची, तेवढ्यापुरताच हा आढावा आहे.

पहिली अडचण ‘हीटर’ या शब्दातच आहे. आपल्याकडे हीटर म्हटलं की निम्म्या मुलांच्या डोळ्यांसमोर बादलीत सोडायचा पाण्याचा रॉड येतो. काहींना कॉइलची शेगडी आठवते, जिच्यावर चहाही होतो आणि हातही शेकले जातात. खोली गरम करायचा खरा रूम हीटर त्यानंतर येतो, आणि त्यातही तीन जाती आहेत. पंखा लावून गरम हवा फेकणारा ब्लोअर, लालभडक नळ्यांचा क्वार्ट्‌झ किंवा हॅलोजन, आणि आत तेल भरलेला, फासळ्यांसारखा दिसणारा ऑइल हीटर. नोटीस यातल्या कशाबद्दल बोलते आहे ते सांगत नाही. त्यामुळे रॉडवाला म्हणतो ‘हा हीटर नाही’, शेगडीवाला म्हणतो ‘ही शेगडी आहे’, आणि दोघांचंही काही चुकलेलं नसतं. वस्तूचं नाव लिहिण्यापेक्षा वॉटचा आकडा लिहिला तर ही पळवाट राहत नाही. प्रत्येक उपकरणाच्या पाठीवर तो छापलेला असतो. रॉड १००० ते १५०० वॉट, कॉइलची शेगडी १००० ते २०००, ब्लोअर बहुधा २०००, क्वार्ट्‌झ ४०० किंवा ८००.

आता थंडीकडे पाहू, कारण उपाय तिच्या मापाचा हवा. खानदेशातली थंडी कोरडी आहे. आकाश निरभ्र, हवेत बाष्प कमी, म्हणून दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. दुपारी स्वेटर नकोसा होतो आणि पहाटे पारा दहाच्या खाली असतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातली किमान तापमानाची नोंद तर दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येते, कधी कधी पाच-सहा अंशांवर. पण कडाक्याचे दिवस मोजले तर डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचे काही आठवडे, आणि त्यांतही सोसत नाहीत अशा वेळा दोनच. रात्री उशिरा अभ्यासाला बसलेलं असताना, आणि पहाटे आंघोळीच्या वेळी. झोपेत गोधडी पुरते. सर्वांत जास्त थंडी वाजते ती वरच्या मजल्यावर, कारण तिथला स्लॅब रात्रभर उघड्या आकाशाखाली गार होत असतो. वरचा मजला ही गोष्ट लक्षात ठेवा, विजेच्या हिशेबात ती पुन्हा येणार आहे.

हिशेबासाठी एक वसतिगृह डोळ्यांसमोर आणू. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर आठ खोल्या, खोलीत तीन मुलं. महावितरणकडून मंजूर भार १५ किलोवॉट, थ्री फेज. वायरमनने सोयीसाठी एकेका मजल्याला एकेक फेज दिलेला. म्हणजे प्रत्येक मजल्याच्या वाट्याला ५ किलोवॉट, साधारण २२ अँपिअर. हिवाळ्यात पंखे बंद असतात. ट्यूब, तीन लॅपटॉप आणि मोबाइलचे चार्जर धरून एका खोलीला सुमारे ३०० वॉट लागतात. आठ खोल्यांचे झाले २.४ किलोवॉट. उरले २.६. याचा अर्थ पूर्ण मजल्यावर एका वेळी २००० वॉटचा एकच हीटर चालू शकतो, दुसरा नाही. आणि शिल्लक सगळ्यांना सारखी वाटली, तर एका खोलीच्या वाट्याला एकूण ६०० वॉटच्या थोडंसं वर येतं. नोटिशीतला आकडा इथून यायला हवा. दुसऱ्या कॉलेजची नोटीस उतरवून घेतली तर तिथला आकडा आपल्या इमारतीला लागू पडेलच असं नाही.

प्रत्यक्षात काय होतं? थंडी वरच्या मजल्यावर जास्त, म्हणून हीटर तिथेच लागतात. पहाटे चार खोल्यांत चार हीटर लागले की एकट्या त्या फेजवर ८ किलोवॉट चढतात, रोजचा वापर वेगळा. पस्तीस अँपिअर नुसते हीटरचे. मेनचा खटका पडला तर नशीब समजायचं. कारण अनेक इमारतींत तो पडतो, मुलं ओरडतात, परीक्षा जवळ आलेली असते, आणि कुणीतरी ३२ चा एमसीबी काढून ६३ चा बसवून टाकतो. जुन्या इमारतीत फ्यूजला जाड तार गुंडाळायचे, त्याचाच हा नवा प्रकार. एमसीबी मोठा केल्याने भिंतीतली वायर जाड होत नाही. आधी खटका पडायचा, आता वायर तापते, आणि जिथे ती सर्वांत अशक्त असेल तिथे जळते.

एकाच फेजवर असा बोजा पडण्याचा आणखी एक परिणाम आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. तीन फेजचा परतीचा रस्ता एकच, न्यूट्रल. तिन्ही मजल्यांवर सारखा भार असला तर न्यूट्रलमध्ये फारसा करंट नसतो. एकच मजला जड झाला की त्याचा जादा करंट न्यूट्रलमधून परततो. त्या न्यूट्रलचा जोड मेन बोर्डात ढिला असेल आणि तापून सुटला, तर जड मजल्यावरचा दाब कोसळतो आणि हलक्या मजल्यांवरचा २३० वरून तीनशेच्या पुढे चढतो. वर ट्यूब मिणमिणते, खाली दिवे एकदम डोळे दिपतील इतके उजळतात आणि चार्जर पटापट जळतात. हे दिसलं की काही शोधत बसू नये, मेन स्विच पाडावा आणि वायरमनला बोलवावं. नोटिशीत ही एक ओळ असली तर डझनभर लॅपटॉप वाचतात.

मेनवरून आता खोलीत येऊ, कारण आग मेनवरच लागते असं नाही, प्लगपाशीही लागते. भिंतीवरच्या बोर्डात छोटी पिन बसते ते सॉकेट ६ अँपिअरचं. जाड पिनांचं पॉवर सॉकेट १६ अँपिअरचं, त्याला निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर स्वतंत्र आणलेली असते. वसतिगृहाच्या खोल्यांत पॉवर सॉकेट सहसा नसतंच. २००० वॉटचा हीटर ८.७ अँपिअर ओढतो आणि कंपनी त्याला जाड पिनाच देते. मुलं बाजारातून स्वस्तातला कन्व्हर्टर आणतात आणि तो ६ अँपिअरच्या सॉकेटात खुपसतात. जाड पिन ही कंपनीने दिलेली सूचनाच होती, ती कन्व्हर्टरने पुसून टाकली.

इथे प्रत्येकजण म्हणतो, ‘पण एमसीबी आहे ना!’ एमसीबी काय करतो आणि काय करत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. १० अँपिअरचा एमसीबी सव्वाअकरा अँपिअरच्या आसपास तासभर निवांत चालू राहतो, आणि साडेचौदाला तो तासाभरात पडेल एवढीच त्याची हमी असते. तो तसाच बनवलेला आहे, त्यात दोष नाही. समजा दोन खोल्या मिळून एका एमसीबीवर आहेत. एकीत २००० वॉटचा ब्लोअर, दुसरीत १००० वॉटचा रॉड, वर थोडे चार्जर. बेरीज चौदा अँपिअरच्या घरात जाते. खटका अर्धा-पाऊण तास पडेलच असं नाही. त्या सगळ्या वेळात ६ अँपिअरच्या सॉकेटातून जवळजवळ नऊ अँपिअर वाहत असतात. एमसीबी राखतो भिंतीतल्या वायरीला. सॉकेटाची, कन्व्हर्टरची आणि एक्स्टेन्शनच्या बारीक वायरीची काळजी त्याच्याकडे नाही.

सॉकेट आतून झिजलेलं असेल, तर पुढची गोष्ट घडते. वर्षानुवर्षं पिना घालून-काढून पितळी पट्ट्या ढिल्या होतात आणि पिन त्यांना फक्त टेकते. त्या टेकण्यात समजा ओहमच्या एक पंचमांश इतका अडथळा तयार झाला. करंटचा वर्ग गुणिले अडथळा, म्हणजे ८.७ गुणिले ८.७ गुणिले ०.२. सुमारे १५ वॉट. ऐकायला काहीच नाही. पण रेडिओ-मोबाइल दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची इस्त्री पंचवीस वॉटची असते आणि ती कथील वितळवते. इथे पंधरा वॉट नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या डबीत कोंडलेले आहेत. ते रात्रभर तिथे जिरत राहतात. करंट एक मिलीअँपिअरनेही वाढलेला नसतो, म्हणून एमसीबीला काही कळत नाही. करंटची गळतीही नसते, म्हणून मेनवर आरसीसीबी असेल तर तोही गप्प असतो. हे कळतं ते फक्त माणसाला, हाताने आणि नाकाने.

मी पाहिलेलं एक सॉकेट अजून डोळ्यांसमोर आहे. पांढऱ्या बोर्डावर वरच्या उजव्या भोकाभोवती चहाच्या डागासारखं पिवळट-तपकिरी वर्तुळ उमटलेलं होतं. पिन काढली तर तिचं टोक पितळी राहिलं नव्हतं, काळंनिळं झालं होतं, आणि बोर्डाचं प्लास्टिक तिच्यासोबत तारेसारखं ओढलं गेलं. त्या खोलीतल्या मुलांना दोन दिवस सडक्या मासळीसारखा, कडवट वास येत होता. खाली मेसमधून येत असेल, असं त्यांना वाटलं. हा वास मेसचा नसतो, बोर्ड आणि वायरीचं आवरण शिजत असल्याचा असतो. नोटिशीत वासाचा उल्लेख हवा, आणि तो असल्या साध्या शब्दांत हवा.

खटका कसा पडतो त्यावरूनही पुष्कळ कळतं. हीटर लावल्याक्षणी पडला तर शॉर्ट, वस्तू खराब आहे. वीस मिनिटांनी, अर्ध्या तासाने पडला तर भार जास्त आहे, वस्तू कमी करा. रॉड पाण्यात सोडल्यावर आरसीसीबी पडला तर रॉडमधून पाण्यात करंट उतरतो आहे. तो रॉड पुन्हा लावून बघू नये, फेकून द्यावा. तिसऱ्या प्रकारात ‘जरा ट्राय करून बघतो’ हे जीवावर बेततं. आणि ज्या वसतिगृहात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवलेलाच नाही, तिथे रॉडवर बंदी घालण्याआधी तो बसवावा. चोवीस खोल्यांच्या इमारतीला हा खर्च मोठा नाही.

खानदेशाचा म्हणून एक खास धोका आहे, तो शहरांच्या नोटिशीत सापडणार नाही. आपल्याकडे लाईट जाते. रॉड बादलीत असताना, हीटर कपड्यांसमोर असताना जाते. मुलगा थोडी वाट पाहतो आणि कॉलेजला निघून जातो. बटण चालूच असतं. दीड तासाने लाईट येते तेव्हा खोलीत कुणी नसतं. बादलीतलं पाणी उकळून आटतं, रॉड उघडा पडून लाल होतो, प्लास्टिकची बादली वितळते. हीटरसमोर टाकलेला टॉवेल, खाली लोंबणारी नायलॉनची मच्छरदाणी किंवा कापसाची गादी असेल तर पुढचं सांगायला नको. कापसाची गादी तर ज्वाळेशिवाय तासन्‌तास धुमसते आणि तो धूर बाजूच्या खोल्यांत शिरतो. म्हणून नियम असा हवा, की लाईट गेली की पिन बाहेर. नुसतं बटण नको, पिनच. आणि चालू हीटरच्या चारही बाजूंना तीन फूट मोकळे.

जिना हाही या विषयाचाच भाग आहे. आपल्या इमारतींत मीटर आणि मेन बोर्ड बहुधा जिन्याखाली असतात, आणि जिना एकच असतो. १५ जून २०२३ ला दिल्लीत मुखर्जीनगरला, जिथे आपल्याकडचीही कितीतरी मुलं यूपीएससीच्या अभ्यासासाठी राहतात, एका कोचिंगच्या इमारतीत विजेच्या मीटरपाशी आग लागली. दिवस उन्हाळ्याचे, हीटरचा संबंध नाही. पण धूर जिन्यातून वर चढला आणि मुलं खिडक्यांतून दोरांना लटकून उतरली. ती दृश्यं सगळ्यांनी पाहिली आहेत. ज्या मेन बोर्डावर पहाटे पाच वाजता दुप्पट भार पडतो, तो बोर्ड बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर आहे का, हे प्रत्येक रेक्टरने एकदा जाऊन पाहावं. जिन्याखाली जुन्या गाद्या आणि मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असतील, तर आधी त्या हलवाव्यात.

आता खिडकीचा प्रश्न. इथे मुलांमध्ये आणि मोठ्यांतही एक गैरसमज घट्ट बसला आहे, की हीटर ऑक्सिजन खातो. विजेचा हीटर काहीच जाळत नाही, म्हणून ऑक्सिजनही खात नाही. हवा गरम झाली की कोरडी वाटते, घसा सुकतो, तारेवरची धूळ करपून वास येतो, तेवढंच. खोली कोंदट होते ती माणसांमुळे. बारा फुटांच्या आसपास लांबी-रुंदी असलेल्या खोलीत साधारण ३६ घनमीटर, म्हणजे ३६ हजार लिटर हवा मावते. झोपलेला माणूस तासाला बारा-पंधरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तीन मुलं, आठ तास, तर तीनशे लिटर. फटी अगदी बंद केल्या तर सकाळपर्यंत बाहेरच्या हवेच्या वीसपट कार्बन डायऑक्साइड खोलीत साठतो. त्याने कुणी मरत नाही. डोकं जड होतं, झोप पुरी झाली असं वाटत नाही, पहिल्या तासाला वर्गात जांभया येतात.

‘खिडकी उघडली तर गरमी जाईल’ हे म्हणणंही मोजून पाहावं. बाहेरच्यापेक्षा खोली आठ अंशांनी उबदार आहे आणि तासाभरात खोलीतली सगळी हवा एकदा बदलली, तर त्यात जाणारी उष्णता सुमारे १०० वॉटची. झोपलेला एक माणूस स्वतः सत्तर वॉटच्या आसपास उष्णता देतो. तीन मुलं मिळून दोनशेच्या वर. म्हणजे दारावरचा झरोका आणि समोरच्या खिडकीची चार बोटं फट रात्रभर उघडी ठेवली, तर जितकी ऊब जाते त्याच्या दुप्पट ऊब ती तिघं नुसती झोपून देतात. खोली गार पडते ती भिंतींमुळे आणि स्लॅबमुळे. ब्लोअर लावला की पाच मिनिटांत गरम वाटतं, बंद केला की लगेच थंडी वाजते, याचंही कारण तेच. हवा तापायला फारशी वीज लागत नाही, भिंती तापायला सगळी रात्र पुरत नाही. दोन युनिट तासाला घालवून हाती काही उरत नाही.

पण हे सगळं विजेच्या हीटरचं झालं. ज्या वस्तूत काहीतरी जळतं, तिथे झरोक्याचा हा हिशेब लागू होत नाही, आणि नोटिशीत हा फरक मोठ्या अक्षरांत हवा. कोळशाची शेगडी, गॅसचा हीटर, बाथरूममधला गॅस गिझर, घमेल्यातले निखारे, यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने त्याला धरतं, आणि एकदा धरलं की सहज सोडत नाही. आपली जुनी माणसं घरात चूल आणि शेगडी पेटवत होती, ती कशी जगली, असं मुलं विचारतात. त्या धाब्याच्या घरांना वर साणं असायचं, दाराच्या फळ्यांतून हात जाईल एवढ्या फटी असायच्या. सरकत्या काचांच्या खिडक्या लावलेल्या आजच्या स्लॅबच्या खोलीत ती सोय नाही.

भरिताच्या रात्रीचे निखारे मला म्हणूनच जास्त भीतिदायक वाटतात. जाळ पेटलेला असताना तो कुणी आत आणत नाही, कारण धुराने डोळे चुरचुरतात. जाळ बसतो, निखाऱ्यांवर राख धरते, धूर थांबतो, आणि मग कुणाला तरी सुचतं की हे घमेलं खोलीत नेऊ, रात्रभर ऊब राहील. राखेखाली, अपुऱ्या हवेत मंद जळणारा निखारा हाच कार्बन मोनॉक्साइड सोडण्यात सर्वांत पुढे असतो. धूर थांबला म्हणून विष थांबत नाही. मळ्यातल्या खोलीत राखणीला झोपणाऱ्यांनाही हे सांगायला हवं, वसतिगृहातल्यांना तर हवंच.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळच्या दामन इथल्या रिसॉर्टमध्ये केरळहून आलेले पंधरा पर्यटक उतरले होते. त्यांतले आठ जण एका खोलीत झोपले, दोन जोडपी आणि चार मुलं. थंडी फार म्हणून गॅसचा हीटर आत घेतला, दारं-खिडक्या आतून बंद केल्या. सकाळी आठही जण बेशुद्ध सापडले, आणि त्यांतलं कुणीही वाचलं नाही. हीटर बिघडल्याची, स्फोट झाल्याची गोष्ट नव्हती. खोली बंद होती आणि आत काहीतरी जळत होतं, एवढंच.

हा वायू ओळखायची एक खूण सांगता येते. एकाच खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, मळमळलं, पायांतलं बळ गेल्यासारखं वाटलं, आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरं वाटलं, तर ते बाधलेलं जेवण नाही. पहिलं काम दार उघडून सगळ्यांना बाहेर काढणं, दुसरं जळणारी वस्तू विझवणं, तिसरं १०८ ला फोन करून त्यांना ‘शेगडी होती’ किंवा ‘गॅस होता’ हे सांगणं. शेवटचं विसरलं तर डॉक्टर दुसरंच काही शोधत बसतात. मात्र झोपेत असलेल्यांना ही खूणही कळत नाही, म्हणून जळणाऱ्या वस्तूला वसतिगृहाच्या खोलीत सूट असू नये. फट ठेवली म्हणूनही नाही. इथे मी पूर्ण बंदीच्या बाजूचा आहे.

विजेच्या वस्तूंना सरसकट बंदी चालत नाही, हे सुरुवातीला म्हटलं, तर पर्यायही द्यायला हवा. थंडीच्या वेळा दोन, हे आपण पाहिलं. पहाटेच्या आंघोळीसाठी पंधरा लिटर पाणी अठरा अंशांवरून बेचाळीसवर न्यायला ०.४२ युनिट लागतं, १५०० वॉटच्या रॉडला सतरा मिनिटं. बहात्तर मुलांनी आपापल्या रॉडने हे केलं तर कुठलीच वायर पुरणार नाही. तेच पाणी गच्चीवरच्या सौर बंबातून खाली आणलं, तर रॉडची गरजच उरत नाही. जळगावच्या उन्हाबद्दल आपण उन्हाळ्यात जितकी तक्रार करतो, तितका त्याचा उपयोग हिवाळ्यात करत नाही. निरभ्र आकाशामुळेच इथली पहाट गार असते, आणि त्याच आकाशामुळे दुपारी बंब तापतो.

अभ्यासासाठी प्रत्येक मजल्यावरची एक खोली रात्री उघडी ठेवावी. तिथे भिंतीला पक्का बसवलेला एक ऑइल हीटर, स्वतंत्र अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीवर, १६ अँपिअरच्या सॉकेटात आणि स्वतःच्या खटक्यासह. आपल्या हिशेबातल्या इमारतीत मजल्यावर २००० वॉटचा एकच हीटर बसतो असं निघालं होतं, तो एक हीटर हा. शिल्लक त्यातच गेली, म्हणून खोल्यांना रोजच्या वापराचे ३०० वॉटच द्यायचे. आठ खोल्यांत आठ लपवलेले हीटर शोधत फिरण्यापेक्षा एका खोलीत वीस मुलं शेकत वाचताना पाहणं रेक्टरलाही सोपं जाईल. बाकी खोल्यांतल्या ६ अँपिअरच्या सॉकेटांची ऑक्टोबरातच वायरमनकडून तपासणी करावी. ढिलं सॉकेट बदलायला दहा मिनिटं लागतात.

आणि मग नोटीस. ती मी अशी लिहीन, वर वसतिगृहाचं नाव आणि खाली रात्री उचलला जाईल असा फोन नंबर घालून:

‘आपल्या खोलीसाठी वीज एकूण ३०० वॉट आहे. ट्यूब, लॅपटॉप आणि चार्जर यांना ती पुरते. यापेक्षा जास्त वॉटची कोणतीही वस्तू, मग तिला हीटर म्हणा, रॉड म्हणा की शेगडी, खोलीत लावू नये. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती कार्यालयात नाव लिहून ठेवावी, दंड होणार नाही, घरी जाताना परत मिळेल. अभ्यासाला प्रत्येक मजल्यावरची गरम खोली रात्री एकपर्यंत आणि पहाटे चारपासून उघडी आहे. गरम पाणी पहाटे पाच ते आठ. लाईट गेली की पिन काढा. कोळसा, निखारे, गॅस आणि मेणबत्ती खोलीत कधीही नको. झोपताना झरोका आणि खिडकीची चार बोटं फट उघडी ठेवा. बोर्ड गरम लागला, भोकाभोवती पिवळा डाग दिसला, सडक्या मासळीसारखा किंवा करपल्याचा वास आला, दिवे अचानक मंद किंवा फार उजळ झाले, तर वस्तू कोणाची होती हे विचारलं जाणार नाही. खटका पाडा आणि खालच्या नंबरवर फोन करा, रात्रीचे कितीही वाजलेले असोत.’